ओव्हरहेडची वाटणी दोन पद्धतींनी कशी करावी आणि दोन उत्तरांतील फरक कसा उलगडावा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पितळी व्हॉल्व्ह बनवणारे एक लहान मशीन शॉप आहे असे धरू. तेथे दोन प्रकारचा माल निघतो. ‘साधा’ व्हॉल्व्ह वर्षाला ८,००० नग बनतो आणि एका वेळी ४०० नगांचा लॉट काढला जातो. ‘खास’ व्हॉल्व्ह गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे बनतो; तो वर्षाला १,००० नग जातो आणि त्याचा लॉट अवघा २५ नगांचा असतो. साध्या नगाला मशीनचा एक तास लागतो, खासला दोन तास. माल आणि थेट मजुरी मिळून साध्याचा खर्च नगामागे ५०० रुपये आणि खासचा १,१०० रुपये आहे. विक्रीची किंमत अनुक्रमे ८८० आणि २,१०० रुपये आहे. ओव्हरहेड, म्हणजे कोणत्याही एका नगावर थेट टाकता न येणारा खर्च, वर्षाला एकूण ३०,००,००० रुपये आहे. हे आकडे हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून सोपे घेतलेले आहेत.

प्रथम पारंपरिक पद्धतीने हिशेब करावा

पारंपरिक पद्धतीत सगळा ओव्हरहेड एका ठिकाणी गोळा करून एकाच मापाने वाटतात. जिथे काम मुख्यतः यंत्रावर होते तिथे हे माप मशीन अवरचे असते, म्हणून आपणही तेच घेऊ. साध्याचे ८,००० आणि खासचे २,००० असे एकूण १०,००० मशीन अवर होतात. ३०,००,००० रुपयांना १०,०००ने भागले की तासाला ३०० रुपये हा दर मिळतो. त्यामुळे साध्या नगावर ३०० रुपये आणि खासवर ६०० रुपये ओव्हरहेड बसतो. एकूण खर्च ८०० आणि १,७०० रुपये होतो, आणि नगामागे नफा ८० आणि ४०० रुपये दिसतो. हा तक्ता पाहणारा मालक साहजिकच खासच्या ऑर्डरी वाढवायला सांगेल.

मग ओव्हरहेड कशामुळे होतो ते पाहून त्याचे गट पाडावेत

अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंगमध्ये, म्हणजे एबीसीमध्ये, पहिला प्रश्न वाटणीचा नसतो, खर्चाच्या कारणाचा असतो. रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत पुढे आणली, कारण यंत्रे वाढली तशी थेट मजुरी घटत गेली आणि सेटअप, तपासणी, खरेदी यांसारख्या आधाराच्या कामांचा खर्च फुगत गेला. तो तासांच्या मापात बसेना.

आपल्या शॉपमध्ये सेटर काय करतो ते जवळून पाहावे. खासचा लॉट लावताना तो लेथचा जॉ बदलतो, टूल बसवतो, ऑफसेट घालतो, पहिला पीस काढून इन्स्पेक्टरकडे देतो आणि मंजुरी आल्यावरच उत्पादन सुरू होते. पुढे २५ नग निघोत की ४००, हे काम एकदाच होते. म्हणून सेटअपचा खर्च नगांच्या किंवा तासांच्या संख्येमागे धावत नाही, तो लॉटच्या संख्येमागे धावतो. ही एक गोष्ट नीट समजली तर पुढचे गणित आपोआप सुचते.

३० लाखांचे चार गट पडतात. वीज, देखभाल आणि घसारा मिळून १२,००,००० रुपये; याचा कॉस्ट ड्रायव्हर, म्हणजे खर्च ज्याच्यामागे धावतो ते माप, मशीन अवर. सेटअपचे ७,२०,००० रुपये. ड्रायव्हर सेटअपची संख्या. तपासणीचे ४,८०,००० रुपये. ड्रायव्हर तपासणीचे तास. खरेदी आणि मालाच्या हाताळणीचे ६,००,००० रुपये. ड्रायव्हर परचेस ऑर्डरची संख्या. चार गटांची बेरीज ३० लाखच आली पाहिजे. ती जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रत्येक ड्रायव्हरचा दर काढून खर्च वाटावा

सेटअपची संख्या सहसा दिलेली नसते, ती लॉटवरून काढावी लागते: साध्याचे ८,००० भागिले ४०० म्हणजे २०, खासचे १,००० भागिले २५ म्हणजे ४०. परीक्षेतल्या गणितांत चुका बहुधा इथेच होतात, कारण घाईत नगांची संख्याच ड्रायव्हर म्हणून घेतली जाते. तपासणीचे तास साध्याचे १६० आणि खासचे २४० आहेत. परचेस ऑर्डर साध्याच्या ३० आणि खासच्या ७०, कारण खासला लागणारे कास्टिंग थोडे थोडे मागवावे लागते.

| गट | दर (रु.) | साधा (रु.) | खास (रु.) |
|---|---|---|---|
| मशीन | तासाला १२० | ९,६०,००० | २,४०,००० |
| सेटअप | सेटअपला १२,००० | २,४०,००० | ४,८०,००० |
| तपासणी | तासाला १,२०० | १,९२,००० | २,८८,००० |
| खरेदी | ऑर्डरला ६,००० | १,८०,००० | ४,२०,००० |
| एकूण | | १५,७२,००० | १४,२८,००० |

नगामागे ओव्हरहेड साध्याला १९६.५० रुपये आणि खासला १,४२८ रुपये पडतो. म्हणजे साध्याचा एकूण खर्च ६९६.५० रुपये आणि नफा १८३.५० रुपये, तर खासचा खर्च २,५२८ रुपये आणि नगामागे ४२८ रुपये तोटा.

इथे एक पडताळणी न चुकता करावी. पारंपरिक पद्धतीने साध्याचा नफा ६,४०,००० आणि खासचा ४,००,०००, मिळून १०,४०,००० रुपये. एबीसीने साध्याचा नफा १४,६८,००० आणि खासचा तोटा ४,२८,०००, म्हणजे निव्वळ पुन्हा १०,४०,००० रुपये. सगळा माल विकला गेला असेल तर पद्धत बदलल्याने शॉपचा एकूण नफा बदलत नाही. एकूण नफ्याचे हे दोन आकडे वेगळे आले तर वाटणीत कुठेतरी चूक आहे. शिल्लक साठा असेल तेव्हा मात्र त्याचे मूल्य पद्धतीनुसार बदलते आणि वर्षाचा नफाही थोडा हलतो.

फरक गटागटाने उलगडून दाखवावा

बरेच जण दोन तक्ते शेजारी मांडून थांबतात. माझ्या मते तुलनेचे खरे काम तिथून पुढे सुरू होते. पारंपरिक पद्धतीत खासवर ६,००,००० रुपये होते, एबीसीत १४,२८,००० झाले; ८,२८,००० रुपये साध्याकडून खासकडे सरकले. ते कोणत्या गटातून सरकले हे शोधण्यासाठी प्रत्येक गट आधी मशीन अवरच्या प्रमाणात, म्हणजे ८०:२० असा वाटून पाहावा आणि एबीसीच्या आकड्याशी ताडून पाहावा.

सेटअपच्या ७,२०,००० रुपयांचे २० टक्के म्हणजे १,४४,००० रुपये खासवर बसत होते, आता ४,८०,००० बसतात. फरक ३,३६,००० रुपये. तपासणीत ९६,०००च्या जागी २,८८,०००; फरक १,९२,००० रुपये. खरेदीत १,२०,०००च्या जागी ४,२०,०००. फरक ३,००,००० रुपये. मशीनच्या गटात फरक शून्य आहे, कारण तिथे दोन्ही पद्धतींचे माप एकच आहे. तीन फरकांची बेरीज बरोबर ८,२८,००० होते.

या उलगड्यातून हे दिसते की खास व्हॉल्व्ह मशीन जास्त वापरतो म्हणून महाग नाही. त्याचा लॉट लहान आहे म्हणून तो महाग आहे. एका सेटअपचे १२,००० रुपये साध्यात ४०० नगांवर पसरून नगामागे ३० रुपये होतात, खासमध्ये २५ नगांवर ४८० रुपये. समजा दोन्ही मालांचे सेटअपचे, तपासणीचे आणि खरेदीचे प्रमाणही ८०:२०च असते, तर दोन्ही पद्धतींनी एकच उत्तर आले असते आणि एबीसीचा खटाटोप वाया गेला असता. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी ही प्रमाणे नुसती नजरेखालून घालावीत. ती सारखी असतील तर जुनी पद्धत पुरेशी आहे.

दर कुठे फसवतो ते तपासावे

सेटअपची संख्या हा ड्रायव्हर असे गृहीत धरतो की प्रत्येक सेटअपला सारखाच वेळ लागतो. खासचा सेटअप जास्त गुंतागुंतीचा असेल तर संख्येऐवजी सेटअपचे तास घ्यावेत. समजा साध्याला सेटअपमागे ३ तास आणि खासला ६ तास लागतात, तर तास ६० आणि २४०, एकूण ३०० होतात. दर तासाला २,४०० रुपये येतो आणि खासवर ४,८०,००० ऐवजी ५,७६,००० रुपये बसतात. हे तास नोंदवण्याची मेहनत करायची की नाही, हे दोन सेटअपच्या वेळांत किती तफावत आहे त्यावर ठरवावे.

दुसरी फसगत पुढच्या वर्षी होते. खासचा लॉट ५० नगांचा केला तर त्याचे सेटअप २०वर येतात आणि एकूण सेटअप ४० होतात. सेटरचा पगार तसाच राहिला आणि आपण तेच ७,२०,००० रुपये ४०ने भागले, तर दर १८,००० होतो आणि सेटअप कमी करूनही प्रत्येक सेटअप महाग झाल्यासारखा दिसतो. हे टाळण्यासाठी दर वर्षभरात होऊ शकणाऱ्या सेटअपवर काढावा. ती क्षमता ६० असेल तर दर १२,०००च राहतो, आणि न वापरलेल्या २० सेटअपचे २,४०,००० रुपये वेगळ्या ओळीत ‘न वापरलेली क्षमता’ म्हणून दाखवावेत. हे पैसे वाचलेले नाहीत. सेटरला दुसरे काम दिले किंवा त्याचा ओव्हरटाइम थांबला, तरच वाचतील.

निर्णय घेताना एक वेगळा हिशेब जोडावा

नगामागे ४२८ रुपये तोटा दिसतो म्हणून खास व्हॉल्व्ह बंद करावा, असा निष्कर्ष एबीसीच्या तक्त्यातून थेट काढता येत नाही. तो बंद केला तर विक्री आणि थेट खर्च यांतला नगामागचा १,००० रुपयांचा फरक, म्हणजे वर्षाचे १०,००,००० रुपये, हातचे जातील. त्यावर बसलेल्या १४,२८,००० रुपयांपैकी १० लाखांहून अधिक खर्च खरोखर थांबणार असेल तरच बंद करणे परवडेल. यंत्राचा घसारा थांबत नाही; सेटर, इन्स्पेक्टर आणि खरेदीचा कारकून नोकरीवर राहिले तर त्यांचे पगारही चालूच राहतात.

त्यापेक्षा तक्त्याचा उपयोग किंमत मांडताना करावा. गिऱ्हाइकाने २५ नग मागितले तर १२,००० रुपये सेटअप चार्ज म्हणून कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहावेत आणि नगाचा दर त्या प्रमाणात कमी ठेवावा. शिवाय १०० नगांची एकत्र ऑर्डर दिली तर हाच चार्ज नगामागे १२० रुपयांवर येतो, हेही त्याच कागदावर दाखवावे.