पाच बातम्या, सहा शब्द आणि दुसरा आयगेनव्हेक्टर

हिंजवडीतल्या ज्या टीममध्ये मी काम करते, तिथे मजकुराचं विश्लेषण चालतं. दरवर्षी नवी मुलं येतात. कोणते शब्द एकत्र येतात यावरून मजकुरातले विषय शोधणारं एलएसए, म्हणजे लेटंट सिमँटिक अ‍ॅनालिसिस, बहुतेकांनी लायब्ररीतून चालवलेलं असतं. ही पद्धत मांडणारा डीअरवेस्टर, ड्युमे आणि सहकाऱ्यांचा लेख 1990 चा आहे. पण आलेल्या आकड्यांमधला विषय कुठे दिसतो, असं विचारलं की गाडी अडते. म्हणून मी त्यांना आधी एक छोटं टेबल कागदावर सोडवायला देते. तेच इथे देते आहे. मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी वाचता वाचता पेन हातात घ्यावं, कारण यातला प्रत्येक आकडा हाताने तपासता येतो.

सरावासाठी पुण्याच्या पाच बातम्या कल्पनेने रचल्या आहेत. पहिली, खडकवासला धरणात पाणी वाढलं. दुसरी, कात्रजला पाण्याचे टँकर सुरू. तिसरी, मेट्रोच्या कामामुळे शिवाजीनगरला कोंडी. चौथी, पूल बंद असल्याने कोंडी. पाचवी, सिंहगड रोडवर पाणी तुंबून कोंडी. यातून सहाच शब्द ठेवायचे: धरण, टँकर, पाणी, कोंडी, मेट्रो, पूल. ‘पाण्याचे’, ‘पाणी’ ही सगळी रूपं आधीच एका शब्दाखाली आणायची. मराठीत हे केलं नाही तर एकच शब्द चार ओळींत विखुरतो आणि इतक्या लहान टेबलात तो पुन्हा जुळत नाही.

आता शब्द ओळींत, बातम्या कॉलममध्ये, शब्द असेल तिथे 1 आणि नसेल तिथे 0. हा झाला A. पाणी तीन बातम्यांत आहे, कोंडीही तीन बातम्यांत, बाकीचे चार शब्द एकेका बातमीत. टेबलात एकूण दहा एक आहेत. हा दहाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या टेबलाकडे नुसतं बघितलं तर धरण आणि टँकर यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, कारण ते कधीच एका बातमीत आलेले नाहीत. पण पुणेकराला दोन्ही बातम्या एकाच गोष्टीच्या आहेत हे सांगावं लागत नाही. ही जाणीव आकड्यांत कशी उतरते, हाच सगळा प्रश्न आहे. त्यासाठी गुणाकार मॅट्रिक्स AAᵀ काढायचं. त्याच्या कर्णावर प्रत्येक शब्द किती बातम्यांत आला ते येतं, आणि कर्णाबाहेर दोन शब्द एकत्र किती वेळा आले ते. धरण–पाणी 1, टँकर–पाणी 1, पाणी–कोंडी 1, कोंडी–मेट्रो 1, कोंडी–पूल 1, बाकी सगळीकडे शून्य. धरण आणि टँकर यांच्यातही शून्यच. मात्र दोघंही पाण्याला बांधलेले आहेत, आणि आयगेनव्हेक्टरला हा असा आडून आलेला संबंध दिसतो.

टेबलाला एक समरूपता आहे: पाण्याची बाजू आणि कोंडीची बाजू अगदी सारख्या आहेत. त्यामुळे सहा अज्ञातांऐवजी दोनच धरून चालतं. चार कडेच्या शब्दांना a आणि पाणी, कोंडी यांना b द्या. धरणाच्या ओळीतून a + b = λa मिळतं आणि पाण्याच्या ओळीतून 2a + 4b = λb. दोन्ही मिळून λ² − 5λ + 2 = 0, म्हणजे मोठी आयगेनव्हॅल्यू 4.56. a ला 1 धरलं तर b 3.56 येतो. हा पहिला आयगेनव्हेक्टर.

गेल्या वर्षी एका मुलीने इथपर्यंत सोडवून विचारलं, “ताई, मग हा पहिला विषय पाण्याचा की वाहतुकीचा?” कोणाचाच नाही. सगळे आकडे धन आहेत आणि दोन्ही बाजूंना सारखे आहेत. या व्हेक्टरला एवढंच कळलंय की पाणी आणि कोंडी हे वारंवार येणारे शब्द आहेत. मॅट्रिक्समध्ये ऋण आकडा नसेल आणि सगळे शब्द कुठून ना कुठून एकमेकांशी जोडलेले असतील, तर पहिला व्हेक्टर असाच येतो: सगळे घटक एका चिन्हाचे. पेरॉन–फ्रोबेनियस प्रमेय हेच सांगतं. इथे जोडणारा दुवा पाचवी बातमी आहे.

विषय दिसतो तो दुसऱ्या व्हेक्टरमध्ये. आता एका बाजूला a, b आणि दुसऱ्या बाजूला −a, −b धरा. पाण्याच्या ओळीत कोंडीचा हिस्सा वजा होतो, म्हणून 2a + 2b = λb. यातून λ² − 3λ = 0, म्हणजे λ = 3. व्हेक्टर येतो धरण 1, टँकर 1, पाणी 2, कोंडी −2, मेट्रो −1, पूल −1. पाण्याची ओळ तपासून बघा: 1 + 1 + 3×2 − 2 = 6, आणि 3×2 सुद्धा 6. चिन्हाने दोन विषय वेगळे झाले. कुठली बाजू धन आणि कुठली ऋण याला अर्थ नाही. संगणकाने सगळी चिन्हं उलटी दिली तरी उत्तर तेच.

बातम्यांचे गुण काढायचे तर त्यातल्या शब्दांचे आकडे मिळवायचे. पहिल्या दोन बातम्यांना 3, तिसरी–चौथीला −3, आणि तुंबलेल्या पाण्याच्या बातमीला 2 − 2 = 0. ती खरोखरच दोन्हीकडची आहे. उरलेल्या चार आयगेनव्हॅल्यू 1, 1, 0.44 आणि 0. सगळ्यांची बेरीज दहा, म्हणजे टेबलातले तेच दहा एक. पहिल्या दोघांत 7.56 आले. म्हणजे दोन व्हेक्टर ठेवले तर टेबलाचा सुमारे तीन चतुर्थांश ऐवज हातात राहतो.

आता गंमत बघा. फक्त हे दोन व्हेक्टर वापरून टेबल पुन्हा उभं केलं, तर धरणाच्या बातमीत टँकरच्या जागी 0 होता तिथे 0.41 येतो. मेट्रोच्या जागी −0.09. बातमीत टँकर हा शब्द नाही, पण ‘इथे तो शोभला असता’ असं टेबल म्हणतंय. शोधयंत्रात ‘टँकर’ टाकल्यावर धरणाची बातमी वर येते ती यामुळे. याची किंमतही आहे: धरण या शब्दाचा स्वतःचा 1 सुद्धा 0.41 वर घसरतो. धरण आणि टँकर यांच्यातला फरक ज्या व्हेक्टरमध्ये होता, तो आपण टाकून दिला.

संगणकावर पडताळायला एवढं पुरे:

```python
import numpy as np
A = np.array([[1,0,0,0,0],   # धरण
              [0,1,0,0,0],   # टँकर
              [1,1,0,0,1],   # पाणी
              [0,0,1,1,1],   # कोंडी
              [0,0,1,0,0],   # मेट्रो
              [0,0,0,1,0]])  # पूल
val, vec = np.linalg.eigh(A @ A.T)
print(val[::-1].round(2))
print(vec[:, ::-1][:, :2].round(2))
```

`eigh` आयगेनव्हॅल्यू लहानाकडून मोठ्याकडे देतं, म्हणून क्रम उलटवला आहे. हे विसरून पहिला कॉलम उचलला तर शून्य आयगेनव्हॅल्यूचा व्हेक्टर हाती येतो आणि त्यातून विषय शोधत माणूस अख्खी दुपार घालवतो.

हाताने काढायची दुसरी रीत म्हणजे पॉवर पद्धत: एक व्हेक्टर घ्या, मॅट्रिक्सने गुणा, लहान करा, पुन्हा गुणा. सगळे 1 घेऊन सुरुवात केली तर b चं a शी गुणोत्तर 3, मग 3.5, मग 3.56 असं झटपट बसतं. मग λ₁ चा भाग मॅट्रिक्समधून वजा करून पुन्हा सगळे 1 घेऊन सुरुवात केली, तर येतं 0.44! 3 येत नाही. कारण सगळे 1 हा व्हेक्टर दोन्ही बाजूंना सारखा आहे, आणि त्याच्यात (1, 1, 2, −2, −1, −1) चा कणही नाही. कितीही गुणलं तरी नसलेली गोष्ट वाढणार कशी? चूक ओळखायला बेरीज कामी येते. 4.56 गेल्यावर पाच आयगेनव्हॅल्यूंत 5.44 उरतात, सरासरी 1.09. सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू सरासरीपेक्षा कमी असूच शकत नाही. सुरुवातीचा व्हेक्टर वेडावाकडा घ्या, 3 मिळेल.

पाचही बातम्यांत येणारा ‘पुणे’ हा शब्द सातवी ओळ म्हणून घातला तर पहिली आयगेनव्हॅल्यू 4.56 वरून 9.47 वर उडी मारते. दुसरी मात्र 3 च राहते, तिचा व्हेक्टरही जसाच्या तसा. पण एकूण आता पंधरा, म्हणून विषयाचा वाटा 30 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर येतो. खऱ्या टेबलात असे शब्द डझनावारी असतात. टीएफ-आयडीएफ वजन लावलं तर सगळीकडे असलेल्या शब्दाचं वजन लॉग 1, म्हणजे शून्य होतं आणि ती ओळच पुसली जाते. मुलाखतीत ‘आधी वजन का लावता’ असं विचारलं तर हा आकड्यांचा दाखला द्यावा, व्याख्या पाठ म्हणू नये.

एक मर्यादा मात्र वजनाने सुटत नाही. ठेवलेल्या व्हेक्टरांतले आकडे मिळून शब्दांचा जो नकाशा बनतो, त्यावर एका शब्दाला एकच जागा मिळते. भरलेली धरणे आणि कलेक्टर कचेरीसमोरचं धरणे आंदोलन एकाच ओळीत आले, तर तो शब्द दोन विषयांच्या मध्ये कुठेतरी लटकतो.

शेवटी पाचवी बातमी खोडून बघा. दुवा तुटला, दोन विषय पूर्ण वेगळे झाले, आता तरी उत्तर स्वच्छ येईल असं वाटतं. दोन्ही आयगेनव्हॅल्यू 3 येतात. समान आयगेनव्हॅल्यू असल्या की दोन व्हेक्टरांचं कुठलंही मिश्रण तितकंच बरोबर असतं. एक मशीन शुद्ध पाणी आणि शुद्ध वाहतूक देईल, दुसरं ‘दोघांची बेरीज’ आणि ‘दोघांची वजाबाकी’ देईल. अशा वेळी एकेका व्हेक्टरला विषयाचं नाव देऊ नका, दोघं मिळून जो नकाशा बनतो त्यात शब्दांचे पुंजके बघा. मग धरणाच्या बातमीची आणखी एक प्रत टेबलात घाला. पाण्याची आयगेनव्हॅल्यू 4.73 होते, वाहतुकीची 3 वर राहते, आणि या टेबलात पहिला व्हेक्टर खरोखरच एक विषय असतो: पाण्याचा, ज्यात कोंडी, मेट्रो, पूल तिघांपुढे शून्य.