म्हाताऱ्या माणसाचा ‘९९’ कसा वाचावा

घरात पंचाहत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर “शंभरच्या आत आहे ना, मग ताप नाही” हे वाक्य डोक्यातून काढून टाका. सासूबाईंच्या दोन न्यूमोनियांत मी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं आहे.

ताप जंतू आणत नाहीत, शरीर आणतं. पांढऱ्या पेशी रसायनं सोडतात, त्यावरून मेंदू तापमान वाढवायचा हुकूम देतो. मग कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि स्नायू उष्णता तयार करतात. म्हातारपणी ही सगळी यंत्रणा मंदावते आणि हुडहुडी भरायला अंगात पुरेसे स्नायूही उरलेले नसतात. त्यात मुळात रोजचं तापमानच तरुणांपेक्षा कमी. त्यामुळे छातीत न्यूमोनिया पसरला तरी आकडा ९९ च्या आसपास घुटमळतो.

मोजायला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, जिभेखाली लावा, चहानंतर वीस मिनिटं थांबा. तोंड मिटून राहत नसेल तर काखेत लावा, पण तिथे आकडा साधारण एक डिग्रीने कमी येतो. जागा एकच ठरवा. कपाळावर रोखायची बंदूक याकामी मला नको.

आता खरं अवघड काम: माणूस बरं असताना त्याचं रोजचं तापमान काढून ठेवणं. मी यात दोनदा फसले. पहिल्यांदा मी फक्त सकाळी मोजलं. तापमान पहाटे सर्वांत कमी असतं आणि संध्याकाळी सहज अर्धा-एक डिग्री वर जातं. सकाळच्या आकड्याशी संध्याकाळचा ताडून पाहिला की उगीच धावपळ होते, आणि दोन-चारदा अशी फजिती झाली की घरातले आपलं ऐकेनासे होतात. दुसऱ्यांदा मोजलं दोन्ही वेळा, पण त्या आठवड्यात सासूबाई गुडघ्यांसाठी दिवसातून तीनदा पॅरासिटामॉल घेत होत्या. त्या गोळीने अंगातला ताप झाकला जातो. माझ्या वहीतले आकडे तापाचे की गोळीचे, हेच कळेना.

म्हणून असं करा. पाच-सहा दिवस सकाळी आणि संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, गोळी घेण्याआधी मोजा आणि कॅलेंडरवरच लिहा. वही हरवते, कॅलेंडर भिंतीवर राहतं. स्टिरॉइड चालू असेल तर तेही लिहा, त्यानेही ताप दबतो.

मग निकष सोपे आहेत. अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनेने वृद्धाश्रमांतल्या रुग्णांसाठी २००८ मध्ये दिलेले हे निकष मी घरी वापरते: तोंडातलं तापमान एकदा जरी १०० च्या वर गेलं, किंवा पुन्हा पुन्हा ९९ च्या वर आलं, किंवा नेहमीपेक्षा दोन डिग्रींहून जास्त वाढलं, तर तो ताप. यांपैकी तिसरा निकष कॅलेंडरशिवाय वापरताच येत नाही.

सासूबाईंचं संध्याकाळचं रोजचं तापमान ९७.२. त्या मंगळवारी ९९.४ आलं, तेही दुपारची गोळी पोटात असताना. म्हणजे २.२ डिग्री जास्त. खोकला जवळजवळ नव्हता. पण बशीत ओतलेला चहा तसाच साय धरून पडला होता, सकाळी मोरीपाशी त्यांचा तोल गेला होता आणि मला त्या नणंदेच्या नावाने हाक मारत होत्या. फोनवर सांगितलं गेलं, “शंभरच्या वर गेला की आणा.”

मी श्वास मोजले. हे शिकूनच घ्या. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरा, नजर छातीवर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा, अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका. सांगून मोजलं तर माणूस श्वास बदलतो. स्वस्थ बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे २५ किंवा त्याहून जास्त आले तर सकाळची वाट बघू नका. सासूबाईंचे २८ आले. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसला. त्यांची नाडी मात्र ७८ होती, कारण रक्तदाबासाठीची बीटा ब्लॉकर गोळी नाडी चढू देत नाही. नाडीवर विसंबू नका.

उलटंही घडतं. संसर्ग जोरात असताना कधी कधी आकडा नेहमीपेक्षा खाली जातो, हातपाय गार पडतात. माणूस गुंगीत असेल तर तेही तितकंच तातडीचं.

घरात उरलेलं अँटिबायोटिक सुरू करू नका, पुढच्या तपासण्यांत जंतू सापडणं अवघड होतं. आणि डॉक्टरांना “थोडी कणकण आहे” असं म्हणाल तर तसंच उत्तर मिळेल. मी आता एवढंच सांगते: “वय ८२, नेहमी ९७.२, आज गोळी घेऊनही ९९.४, श्वास मिनिटाला २८, सकाळपासून माणसं ओळखत नाहीत. घेऊन निघालोय.”