या चुका टाळा: क्लाउडच्या संज्ञा मराठीत आणताना

मुंबईतल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी क्लाउडच्या अभ्यासपुस्तिका तपासायचं काम मी गेली काही वर्षं करते. दर वर्षी त्याच चुका समोर येतात, आणि त्यातली सर्वांत महागडी चूक इलॅस्टिसिटीची असते.

शब्दकोश उघडला की 'लवचिकता' मिळतं. अर्थशास्त्रात 'मागणीची लवचिकता' रुळलेली आहेच, त्यामुळे लिहिणारा तिथेच थांबतो. पण रोजच्या बोलण्यात लवचिक म्हणजे हवं तसं वळणारं, जुळवून घेणारं. म्हणून मुलं उत्तरात लिहितात, 'लवचिकता म्हणजे हवी ती ऑपरेटिंग सिस्टीम निवडायची मुभा.' चूक मुलांची नाही, त्यांनी मराठी बरोबरच वाचलं.

मग कुणीतरी सुधारणा करतं: 'गरजेनुसार सर्व्हर वाढवण्याची क्षमता.' हे आणखी वाईट, कारण ते अर्धं खरं आहे. एका कॉलेजात हीच व्याख्या छापलेली पुस्तिका वापरून शुक्रवारी प्रॅक्टिकल झालं. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी साइटवर झुंबड उडते, तसा प्रसंग कल्पून मुलांनी कमीत कमी 2 आणि जास्तीत जास्त 6 सर्व्हर ठेवले. सीपीयूचा वापर 70 टक्क्यांवर गेला की एक सर्व्हर वाढवायचा, असा नियम लावला. खोटी गर्दी सोडली, सर्व्हर 6 झाले, टाळ्या पडल्या. संध्याकाळी 5 वाजता सगळे घरी गेले.

सोमवारी सकाळी 9 वाजता मी पाहिलं, तर सहाच्या सहा सर्व्हर चालू. जादा 4 सर्व्हर 64 तास, म्हणजे 256 सर्व्हर-तासांचं बिल, आणि साइटवर एकही माणूस नाही. वापर 30 टक्क्यांखाली आला की एक सर्व्हर कमी करायचा, हा दुसरा नियम कुणी लावलाच नव्हता. मी विचारलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पुस्तिकेत फक्त वाढवायचं लिहिलंय." मला उत्तर सुचलं नाही.

वाढवता येणं म्हणजे स्केलेबिलिटी, त्याला 'विस्तारक्षमता' पुरतं. इलॅस्टिसिटीत गर्दीबरोबर आपोआप वाढणं आणि गर्दी ओसरली की आपोआप कमी होणं, दोन्ही हवं. भौतिकशास्त्रातल्या 'स्थितिस्थापकते'त मूळ स्थितीत परतण्याचा भाव आहे, पण मुलांना त्यातून स्प्रिंग आठवते, सर्व्हर नाही. मी 'आपोआप वाढ-घट' लिहिते आणि शेजारी 'इलॅस्टिसिटी' देवनागरीत ठेवते, कारण मुलाखतीत तोच शब्द कानावर पडणार.

लेटन्सीला 'सुप्तता' लिहिणाऱ्यांनी कोशातला शेजारचा शब्द उचललेला असतो. 'विलंब' जवळचा आहे, पण तोही फसवतो. विलंब म्हटलं की ठरलेल्या वेळेपेक्षा झालेला उशीर डोक्यात येतो. मग मुलं विचारतात, गाडी वेळेवर आली तर लेटन्सी शून्य का? लेटन्सी हा मुळात प्रवासाचाच वेळ. ठाण्याहून सीएसएमटीला वेळेवर निघालेली लोकलसुद्धा वेळ घेतेच. मुंबई ते अमेरिकेतलं व्हर्जिनिया सुमारे 13 हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन 130 मिलिसेकंद लागणारच, काहीही बिघडलेलं नसताना. केबल सरळ रेषेत नसते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. मी 'विनंती गेल्यापासून उत्तर येऊ लागेपर्यंतचा वेळ' असं लांबलचक लिहिते. लांब झालं तरी चालेल.

अव्हेलेबिलिटीला 'उपलब्धता' हा शब्द चालतो, पण त्यापुढे आकडा हवाच. नुसतं 'सेवा उपलब्ध असणे' लिहिलं की मुलांना दुकानातला माल आठवतो. 99.9 टक्के उपलब्धता म्हणजे 30 दिवसांच्या महिन्यात सुमारे 43 मिनिटं सेवा बंद राहू शकते. साइटला वेब सर्व्हर आणि डेटाबेस दोन्ही लागत असतील आणि दोघांची उपलब्धता 99.9 टक्के असेल, तर 0.999 गुणिले 0.999, म्हणजे जवळपास 99.8 टक्के, आणि बंद काळ 86 मिनिटांपर्यंत. हे गणित पुस्तिकेत करून दाखवा, नाहीतर मुलं 99.9 टक्केच धरून बसतात.

'उपलब्धता क्षेत्र' मात्र मी खोडतेच. वाचणाऱ्याला ते मोबाइलच्या रेंजसारखं वाटतं, अंधेरीत मिळतं आणि पालघरला नाही असं. तिथे 'अव्हेलेबिलिटी झोन' ठेवा आणि खाली लिहा: एकाच रीजनमधली, म्हणजे एकाच भौगोलिक भागातली, पण वीज आणि नेटवर्क वेगळं असलेली डेटा सेंटर, म्हणजे एकीकडे दिवे गेले तरी दुसरीकडे काम चालू राहतं. अमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमध्ये, म्हणजे `ap-south-1` मध्ये, असे 3 झोन आहेत.

थ्रूपुट म्हणजे ठरावीक वेळात किती काम किंवा डेटा पार पडतो ते. त्याला 'वेग' म्हणू नका, लेटन्सीशी गल्लत होते. ड्युरेबिलिटी म्हणजे डेटा न हरवणं. सेवा तासभर बंद पडली तरी डेटा शाबूत असू शकतो.

घाईत असलेले नवे लेखक आधी शब्दांचा तक्ता करतात आणि व्याख्या नंतर चिकटवतात. मी उलट करते. आधी वाक्य लिहिते, एका मुलाला वाचून दाखवते आणि त्याच्याकडून एक उदाहरण मागते. इलॅस्टिसिटीच्या उदाहरणात त्याने सर्व्हर कमी केले नाहीत, तर वाक्य पुन्हा लिहिते.