यमूला जाब विचारण्याआधी

बडोद्यात एम.ए. मराठीला असताना मी लघुप्रबंधासाठी हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ घेतली होती. आता नवीन मुलं तीच कादंबरी घेऊन येतात आणि त्यांच्या कच्च्या खर्ड्यात एक प्रश्न हमखास असतो: कादंबरीची नायिका यमू हिनं विधवा झाल्यावर बंड का केलं नाही? माझं सांगणं असतं, प्रश्न बदला. बंड करायला तिच्या हाताशी काय होतं, ते आधी शोधा.

कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून 1890 पासून क्रमशः येऊ लागली. विधवाविवाहाचा कायदा तेव्हा होता, 1856 सालचा. पण त्याच कायद्यानुसार पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा मृत नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जात असे, शिवाय जात वाळीत टाकण्याची भीती होतीच. लहानपणी लग्न झालेल्या मुंबईच्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं, तर 1887 मध्ये कोर्टानं ‘नांदायला जा, नाहीतर तुरुंगात’ असा हुकूम दिला. आपल्या बडोदा संस्थानातला बालविवाहबंदीचा कायदा 1904 चा. सयाजीरावांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला तो कायदा यमूच्या पुण्याला नकळत लावावासा वाटतो, म्हणून सनावळीचा एक कागद वाचताना शेजारी ठेवाच.

याचं दुसरं टोकही तितकंच वाईट: ‘काळच तसा होता’ म्हणून सगळं सोडून देणं. काळ एका सुरात बोलत नव्हता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’मध्ये 1882 सालीच विचारलं होतं, की नवरा मेल्यावर बाईला जे नियम, ते बायको मेल्यावर पुरुषाला का नाहीत? मला तर हीच सगळ्यात भक्कम फूटपट्टी वाटते, कारण ती त्या काळातलीच आहे.

ती लावून बघा. यमूची आई जाते आणि वडील पुन्हा बोहल्यावर चढतात. पुढे यमूचे पती रघुनाथराव जातात, तेव्हा सासरचे शंकरमामंजी यमूचं जबरदस्तीनं केशवपन करवतात. जोडीदार दोघांचाही गेला. एकाचा संसार नव्यानं उभा राहिला, दुसरीचं डोकं वस्तऱ्याखाली गेलं. हे दोन प्रसंग समोरासमोर ठेवून लिहिलंत, तर यमूला भित्री किंवा तिच्या आईला पितृसत्तेची हस्तक म्हणायची वेळच येत नाही. आरोप व्यवस्थेवर जातो आणि त्याचा पुरावा कादंबरीतच सापडतो.

टीका मात्र बोथट करू नका, तिचा रोख बदला. यमूला लिहिणं-वाचणं मिळतं ते नवऱ्याच्या हातून, मुंबईतलं मोकळं जगणंही त्याच्यामुळे, आणि तो गेला की सगळंच जातं. रघुनाथरावांच्या प्रेमावर शंका घेण्याचं कारण नाही. पण बाईच्या तोंडून आत्मकथा सांगणाऱ्या पुरुष लेखकाला तिच्या सुखाची वाट चांगल्या नवऱ्यातूनच का दिसली, हा प्रश्न रचनेला विचारता येतो. परीक्षकांनी मला सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नावर बोलतं ठेवलं होतं.