एकाच बाजूच्या फोटोवरून समोरचा चेहरा काढताना या चुका टाळा

हाताशी फक्त बाजूचा फोटो आहे आणि चित्र समोरून हवे आहे. अशा कामात बहुतेक जण कपाळ, नाकाचा शेंडा, ओठ, हनुवटी यांवरून आडव्या रेषा ओढतात आणि त्या रेषांवर समोरचा चेहरा बसवतात. पद्धत बरोबर आहे. पण तिच्यातून मिळतात त्या फक्त उंच्या. रुंदीचे एकही माप त्या फोटोत नसते आणि चित्र फसते ते नेमके रुंदीत. उंच्या बरोबर आणि रुंदी चुकलेली असली की ओळखीचे लोक चित्र पाहून म्हणतात, "त्याचा भाऊ वाटतो." हा शेरा ऐकू आला तर नाक-डोळे पुन्हा कोरत बसू नका, आधी रुंदी तपासा.

आधी फोटो सरळ करा

मान वर किंवा खाली झुकलेली असेल तर ओढलेल्या सगळ्या आडव्या रेषा चुकतात. कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत येईपर्यंत फोटो फिरवा. बाजूच्या फोटोत हा झुकाव नुसत्या फिरवण्याने पूर्ण दुरुस्त होतो. डोके कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्यापासून वळलेले असेल, तर मात्र हा उपाय चालत नाही. नाकाच्या पलीकडे दुसऱ्या डोळ्याच्या पापण्यांची टोके किंवा दुसरी भुवई डोकावत असेल, तर तो खरा बाजूचा फोटो नाही. त्यावरून नाकाची लांबी किंवा कानापर्यंतचे अंतर मोजलेत तर माप कमी भरेल.

कॅमेऱ्याचे अंतरही पाहावे लागते. फोटो एक मीटरवरून काढला असेल, तर जवळचा कान नाकाच्या रेषेपेक्षा साधारण सात सेंटिमीटर पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला असतो. त्यामुळे नाकाच्या तुलनेत तो सुमारे सात टक्के मोठा दिसतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि कानाची पाळी त्या पातळीच्या पाच सेंटिमीटर खाली असेल, तर फोटोत ती जवळजवळ चार मिलिमीटर जास्त खाली सरकते. तीन मीटरवरून हाच फरक अडीच टक्क्यांच्या आत येतो. घरगुती फोटो सहसा जवळून काढलेले असतात, म्हणून कानाची उंची फोटोतून जशीच्या तशी उचलू नका.

रुंदी: एकच आकडा धरणे ही मोठी चूक

समजा प्रिंटमध्ये हनुवटीपासून टाळूपर्यंत 120 मिमी आणि भुवयांच्या मधल्या उंचवट्यापासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंत 101 मिमी भरले. प्रौढ डोक्याची ही लांबी सर्वसाधारणपणे 19 सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे प्रिंटवरचा 1 मिमी खऱ्या डोक्यावर सुमारे 1.9 मिमी. डोक्याची रुंदी बहुतेकदा लांबीच्या 75 ते 82 टक्के असते. त्यावरून 76 ते 83 मिमी येते. गालांच्या हाडांपाशी चेहरा याच्या साधारण नऊ दशांश, म्हणजे 68 ते 75 मिमी. केस दाट असतील तर टाळू आणि मागचे टोक केसांवरून मोजू नका, कवटीचा अंदाज घ्या. नाहीतर पुढची सगळी मापे फुगतात.

सात मिलिमीटरचा हा पट्टा म्हणजेच तुमचे अज्ञान आणि तो लपवू नये. मधला 71 धरून पुढे गेलात तर एक सरासरी, कुणाचाही चालेल असा चेहरा तयार होतो. त्यापेक्षा त्याच उंच्यांवर 68, 71 आणि 75 अशा तीन रुंद्यांची साधी रेखाटने करा. छायांकन नको, केशरचना तिन्हींत एकच ठेवा. ही रेखाटने त्या व्यक्तीला पाहिलेल्या माणसासमोर एकदम मांडा. त्याला माप सांगता येणार नाही, पण तिघांतला चुकीचा चेहरा तो पटकन बाजूला काढतो.

इथे 'चेहरा पाच डोळे रुंद' हा जुना नियम हमखास आड येतो. डोळा सुमारे 30 मिमीचा, म्हणजे प्रिंटवर 16. पाच डोळे धरले तर 80 मिमी होतात. ते कवटीच्या रुंदीच्या जवळ जाते, गालांच्या नाही. हा नियम लावलेला चेहरा गालांपाशी रुंद होतो आणि का झाला ते कळत नाही. बाहुल्यांमधले अंतर प्रौढांत सरासरी 63 मिमीच्या आसपास असते, प्रिंटवर 33. तेही माणसागणिक बरेच बदलते, तेव्हा तिन्ही रेखाटनांत ते चेहऱ्याच्या रुंदीबरोबर थोडे कमी-जास्त करून पाहा.

दिसते त्याची दुप्पट करणे

बाजूने ओठांची लांबी मधल्या टोकापासून कोपऱ्यापर्यंत, समजा, 9 मिमी दिसली. तिची दुप्पट करून 18 मिमीचे तोंड काढले जाते आणि चेहरा चिमुकल्या तोंडाचा होतो. ओठ दातांच्या कमानीवरून वळत मागे जातात. बाजूने दिसते ती त्या वळणाची खोली, रुंदी नव्हे. तोंडाची रुंदी 50 मिमीच्या आसपास धरली तर प्रिंटवर ती 26 येते. नाकपुड्यांचेही तसेच: नाक किती पुढे आले हे दिसते, बूड किती रुंद हे दिसत नाही.

डोळ्याचा आतला कोपरा तर बाजूने दिसतच नाही, तो बुबुळाच्या फुगवट्यामागे लपतो. म्हणून बाहेरच्या कोपऱ्याच्या पातळीवर सरळ आडवी रेष मारून आतला कोपरा तिथेच ठेवू नका. बहुतेक चेहऱ्यांत बाहेरचा कोपरा किंचित वर असतो. दोन्ही एका पातळीत ठेवले की नजर छापील वाटते.

बाह्यरेषा फक्त चेहऱ्याच्या मध्यरेषेची असते हेही विसरले जाते. कपाळ, नाक, हनुवटी तिच्यावर आहेत, गालाचे हाड आणि भुवईची बाहेरची कड तिच्यावर नाहीत. त्यांची खोली फोटोतल्या सावलीतून काढावी लागते. प्रकाशाची कड गालावर अचानक वळत असेल तर हाड टोकदार, हळूहळू विरत असेल तर गाल भरलेला. हे न पाहता रंगवलेला समोरचा चेहरा मुखवट्यासारखा सपाट होतो. शंका असेल तर मातीचा मुठीएवढा गोळा घेऊन डोके थापा आणि फोटोसारखे बाजूने धरा. सावली जुळली नाही तर गालाचे हाड चुकीच्या जागी आहे.

अर्धा चेहरा उलटवणे

दिसणारी बाजू आरशासारखी उलटवून दुसरी बाजू करणे सोपे असते, म्हणूनच ते धोक्याचे. पंधराव्या शतकात इटलीतल्या उर्बिनोवर राज्य करणाऱ्या फेदेरिको द मोन्तेफेल्त्रोचे उदाहरण घ्या. द्वंद्व-स्पर्धेत त्याचा उजवा डोळा गेला होता, आणि चित्रकार पिएरो देला फ्रान्चेस्काच्या प्रसिद्ध चित्रात तो डाव्या बाजूनेच दिसतो. त्या चित्रावरून समोरचा चेहरा उलटवून काढला तर त्याला दोन धड डोळे मिळतील. नेहमीच्या कामात फरक इतका मोठा नसतो, पण केसांचा भांग, तीळ, किंचित तिरके नाक एकाच बाजूचे असते. भांग कुठला हे फोटोवरूनच ठरवा, पण आधी फोटो उलटा छापलेला नाही ना हे पाहा. शर्टाची बटणपट्टी, खिसा किंवा मागच्या पाटीवरची अक्षरे ते सांगतात.

कान शेवटी काढा. बाजूने तो पूर्ण रुंद दिसतो, समोरून मात्र त्याची कड तेवढी दिसते. किती बाहेर आलेला आहे याचा एकमेव पुरावा म्हणजे कानामागच्या केसांवर किंवा मानेवर पडलेली सावली: ती रुंद असेल तर कान उभा, अरुंद असेल तर डोक्याला चिकटलेला. सावली दिसत नसेल तर केस कानावर आणून प्रश्न टाळा. अशा चित्रात ती तडजोड कुणाला खटकत नाही.