उन्हाळी सल्ला: खारपट्ट्यातल्या मचूळ विहिरीतून पिण्याचे पाणी

शिमगा उलटला की दिवा, खारेगाव, ऐरोली, घणसोलीच्या खाडीकाठच्या विहिरी मचूळ होऊ लागतात. भाजीच्या मळ्यावर दिवसभर राबणाऱ्याला ते पाणी पिववत नाही आणि टँकर बांधावर येत नाही. अशा ठिकाणी काचेच्या उतरत्या झाकणाची सौर ऊर्ध्वपातन पेटी कामाला येते. ती फेब्रुवारीत बांधून घ्यावी, म्हणजे मार्च ते मे हे तिचे खरे महिने हाती लागतात.

किती पाणी मिळेल हे आधी नीट समजून घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे एक चौरस मीटरवर दिवसाला सुमारे 22 मेगाजूल ऊन पडते. त्यातला साधारण तिसरा हिस्सा पाण्याची वाफ करण्यात लागतो आणि एक लिटर पाण्याच्या वाफेला सुमारे 2.4 मेगाजूल उष्णता लागते. म्हणून एका चौरस मीटरच्या पेटीतून रोज तीन लिटरच्या आसपास पाणी धरावे. म्हणजे एका माणसाचे पिण्याचे पाणी. तिघांसाठी तीन पेट्या हव्यात. या पाण्यावर पीक भिजवायचा विचारही करू नका.

पेटी विटा-सिमेंटची करा, पत्रा खाऱ्या पाण्याने गंजतो. आतली जागा 1 मीटर × 1 मीटर, पुढची भिंत 10 सेंमी, मागची 46 सेंमी. यातून काचेला सुमारे 20 अंशांचा उतार मिळतो. तोंड दक्षिणेला ठेवा. मेच्या मध्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा हा उतार उन्हासाठी नसून काचेला आतून लागलेले पाणी खाली वाहावे म्हणून आहे. उतार फार कमी ठेवला तर थेंब वाटेतच परत खाऱ्या पाण्यात पडतात. तळाखाली प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या कोरड्या भाताच्या तुसाचा जाड थर द्या आणि वर काळा ऑक्साइड घातलेला कोबा करा. ऑइलपेंट लावू नका, तापल्यावर त्याचा वास पाण्यात उतरतो.

वर 4 मिमी जाडीची साधी खिडकीची काच, सुमारे 115 × 110 सेंमी. प्लॅस्टिकचा कागद स्वस्त पडतो, पण त्यावर पाण्याचे टपोरे थेंब होतात आणि ते निसटतात. स्वच्छ काचेवर पाणी पातळ पापुद्र्यासारखे पसरून खाली सरकते. पुढच्या भिंतीच्या आत, काचेच्या कडेला लागून उभा चिरलेला पीव्हीसी पाइप पन्हळीसारखा बसवा, त्याला एका बाजूला उतार द्या आणि तिथून नळी बाहेर काढा. काचेच्या कडा मत्स्यटाकीला वापरतात त्या सिलिकॉनने बंद करा. वाफ निसटली की पाणी गेलेच. पहिल्या काही दिवसांचे पाणी टाकून द्या.

पाणी दोन सेंमी खोल ठेवा, म्हणजे 20 लिटर. जास्त भरले तर तापायला वेळ लागतो, आणि पेटी कोरडी पडली तर मीठ तळाला घट्ट चिकटते. समजा विहिरीच्या पाण्यात लिटरला 2400 मिलिग्रॅम क्षार आहेत. रोज तीन लिटर उडाले आणि तेवढेच भरत राहिलात तर सहा दिवसांत पेटीतले क्षार 4500 च्या वर जातात. पाणी खारट झाल्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते काळ्या तळावर पांढरा थर धरल्याने, कारण तो ऊन परतवतो. म्हणून दर तीन-चार दिवसांनी पहाटे तळाची तोटी उघडून पाणी सोडा, तळ घासा आणि नवे पाणी भरा.

रोजचे पाणी मापून लिहून ठेवा. ऊन कडक असूनही तीनाचे दोन लिटर झाले तर दुपारी काच बघा. आतून टपोरे थेंब लटकत असतील तर काच तेलकट आहे, साबणाने धुवा. काच कोरडी दिसली तर कुठून तरी वाफ सुटते आहे किंवा पाणी संपले आहे. टीडीएस मीटर असेल तर आलेले पाणी पन्नासच्या आत असायला हवे. ते एकदम दोन-तीनशेवर गेले तर खारे पाणी उडून पन्हळीत पडते आहे. हे मीटर जंतू दाखवत नाही, म्हणून नळीचे तोंड फडक्याने बंद करा, भांड्यावर झाकण ठेवा आणि पन्हळ धूत जा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड मागे राहतात, पण रॉकेल, पेट्रोल, काही रसायने वाफेबरोबर काचेवर येतात आणि थेट भांड्यात पडतात. कारखान्यांच्या नाल्याचे किंवा तेलाचा तवंग असलेले पाणी या पेटीत कधीही भरू नका. औषध फवारलेल्या वाफ्याशेजारीही पेटी ठेवू नका.

जून लागला, ढग आले की उत्पन्न कोसळते. तेव्हा पेटी रिकामी करून धुवा, पन्हळ काढून ठेवा आणि काचेवर गोणपाट बांधून ठेवा.