बँकेचा मेल खरा की बनावट? पत्ता उजवीकडून वाचा

बनावट मेलमध्ये शुद्धलेखनाच्या चुका असतात, लोगो धूसर असतो, असं अजूनही सांगितलं जातं. या खुणांवर आता अवलंबून राहू नका. बँकेचाच एखादा खरा मेल घेऊन त्यातली एक लिंक तेवढी बदलायची, हा भामट्यांचा सोपा मार्ग आहे. लोगो, रंग, तळाशी बारीक अक्षरातली सूचना, सगळं जसंच्या तसं राहतं. त्यांना उचलता येत नाही ती एकच गोष्ट, बँकेचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवर बँकेच्या नावावर नोंदवलेला पत्ता. म्हणून तपासायचं ते डोमेन, आणि ते वाचायची एक रीत आहे.

एक नमुना समोर ठेवू. तुमच्या इनबॉक्समध्ये हा मेल आला आहे:

```
From: SBI Alert <kyc@sbi.bank.in.kyc-verify.example>
Subject: आज रात्री 12 नंतर आपले खाते बंद होईल
```

खाली निळं बटण आहे, त्यावर लिहिलंय ‘केवायसी अपडेट करा’. (`.example` हे शेपूट मी मुद्दाम घातलं आहे, कारण ते कुणालाच विकत घेता येत नाही. खऱ्या फसव्या मेलमध्ये तिथे `.com`, `.top`, `.xyz` असं काहीही असू शकतं.)

आधी पाठवणाऱ्याचा पत्ता

‘SBI Alert’ हे जे ठळक नाव दिसतं, ते पाठवणाऱ्याने स्वतः टाइप केलेलं असतं. पाकिटाच्या मागे कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसं. मोबाइलवर मेल अ‍ॅप बहुतेक वेळा फक्त हे नाव दाखवतं आणि खरा पत्ता लपवतं. जीमेलमध्ये मेल उघडा, नावाखाली `to me` दिसेल, त्याच्या शेजारच्या बाणावर टॅप करा. आता पूर्ण पत्ता दिसतो.

त्या पत्त्यात `@` च्या पुढचा भाग घ्या आणि उजवीकडून डावीकडे वाचा. आपल्या नमुन्यात शेवटी आहे `kyc-verify.example`. तोच खरा मालक. त्याच्या डावीकडे ठेवलेलं `sbi.bank.in` ही नुसती सजावट आहे. ज्याच्याकडे एक डोमेन आहे, त्याला त्याच्या डावीकडे हवे ते शब्द जोडता येतात आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आपण डावीकडून वाचतो, पहिलं ओळखीचं नाव दिसलं की नजर थांबते. सापळा नेमका तिथेच लावलेला असतो.

आता `.bank.in` बद्दल, कारण भारतातल्या खातेदारांसाठी ही फार उपयोगाची खूण झाली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना आपली संकेतस्थळं या डोमेनवर नेण्यास सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. नागरी आणि जिल्हा सहकारी बँकाही त्यात आल्या. महाराष्ट्रात असंख्य लोकांची खाती अशा बँकांमध्ये आहेत, त्यामुळे हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. हे डोमेन आयडीआरबीटी या संस्थेमार्फतच मिळतं आणि फक्त बँकांनाच मिळतं. `.com` किंवा साधं `.in` मात्र कुणीही काही शे रुपयांत घेऊ शकतं.

यातली मेख एका चिन्हात आहे. `.bank.in` मध्ये `bank` च्या आधी टिंब असतं. तिथे आडवी रेघ असेल, म्हणजे `-bank.in` असं असेल, तर ते साधं `.in` डोमेन झालं आणि ते बँकेशिवाय इतर कुणाचंही असू शकतं. छोट्या पडद्यावर टिंब आणि रेघ यांतला फरक सहज निसटतो, म्हणून अक्षर मोठं करून बघा. `m` च्या जागी `rn`, `l` च्या जागी `1` हेही असंच निसटतं.

एक मर्यादा लक्षात असू द्या. संकेतस्थळ हललं, तरी एखाद्या बँकेचे मेल जुन्या डोमेनवरून येत असू शकतात. म्हणून `.bank.in` दिसलं नाही की मेल बनावटच, असं नाही. त्या बँकेकडून पूर्वी आलेलं खात्याचं स्टेटमेंट उघडा आणि त्यातला पत्ता ताडून बघा. शिवाय `From` मधला पत्ताही खोटा लिहिता येतो. तो खोटा आहे का ते पाहण्यासाठी जीमेल संगणकावर उघडा. त्याच बाणाखाली `mailed-by` आणि `signed-by` अशा ओळी दिसतात. `signed-by` समोर बँकेचंच डोमेन असेल, तर मेल खरोखर त्या डोमेनवरून निघाला आहे. पण तिथे भामट्याचं स्वतःचं डोमेन असेल, तर सहीसुद्धा त्याचीच असणार. सही आहे एवढ्याने भागत नाही, ती कुणाची आहे हे वाचायला हवं.

मग लिंक कुठे नेते ते

बटणावर काय लिहिलंय याला काही अर्थ नाही. लिंकच्या जागी बँकेचा अचूक पत्ता छापलेला असला, तरी दाबल्यावर ती भलतीकडे जाऊ शकते. संगणकावर माउसचा बाण लिंकवर नुसता न्या, क्लिक करू नका. ब्राउझरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता उमटतो. फोनवर लिंक दाबून धरा आणि कॉपी करून नोट्समध्ये चिकटवा, ब्राउझरच्या पट्टीत नाही. हे जमत नसेल तर तो मेल संगणकावर पाहीपर्यंत तसाच राहू द्या.

पत्ता मिळाला की `https://` सोडून द्या आणि पुढची पहिली तिरकी रेघ शोधा. त्या रेघेच्या लगेच डावीकडे जे संपतं ते डोमेन. आता हे तीन पत्ते बघा:

```
https://sbi.bank.in.kyc-verify.example/login
https://kyc-verify.example/sbi.bank.in/login
https://sbi.bank.in@kyc-verify.example/login
```

तिन्ही एकाच ठिकाणी जातात, `kyc-verify.example` कडे. पहिल्यात बँकेचं नाव डावीकडे जोडलं आहे. दुसऱ्यात ते रेघेच्या पलीकडे आहे आणि तिथे नुसतं पानाचं नाव असतं. तिसरा प्रकार जास्त लबाडीचा आहे, कारण पत्त्यातल्या `@` च्या आधीचा मजकूर ब्राउझर वापरकर्त्याचं नाव समजतो आणि ठिकाण ठरवताना तो सोडूनच देतो.

पत्त्याशेजारी कुलूप दिसतं म्हणून निर्धास्त होऊ नका. तुम्ही आणि ते संकेतस्थळ यांच्यातला मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही, एवढंच कुलूप सांगतं. समोर कोण बसलंय, हे ते सांगत नाही. बनावट पानालाही ते फुकटात मिळतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर ही तपासणी प्रत्येक वेळी निकाल देत नाही. बँकांच्या खऱ्या जाहिरातवजा मेलमध्येही किती जणांनी क्लिक केलं ते मोजण्यासाठी तिसऱ्याच कंपनीच्या लिंक असतात आणि त्या विचित्रच दिसतात. छोट्या केलेल्या लिंककडे किंवा क्यूआर कोडकडे नुसतं बघून मुक्काम कळत नाही. मेलला जोडलेली एचटीएमएल फाइल तर तुमच्याच यंत्रावर उघडते, तेव्हा तपासायला डोमेनच नसतं. म्हणून माझं मत ठाम आहे. लिंक तपासायची ती मेल ओळखण्यासाठी, लॉगिन करण्यासाठी कधीच नाही. बँकेचं काम असेल तर अ‍ॅप उघडा किंवा पत्ता स्वतः टाइप करा. मेलमधला निरोप खरा असेल, तर तो तिथेही दिसेल किंवा शाखेत कळेल.

घाई कुणाला आहे?

‘आज रात्री १२ नंतर खाते बंद’ या वाक्याकडे थोडं थांबून बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार केवायसीचं नूतनीकरण जोखमीप्रमाणे दर दोन, आठ किंवा दहा वर्षांनी असतं आणि बहुतेक सामान्य खाती कमी जोखमीची धरली जातात. जून २०२५ मध्ये या नियमांत भर पडली. मुदतीआधी बँकेने किमान तीन वेळा कळवायचं, त्यातलं एकदा तरी टपालाने पत्र पाठवून. मुदत उलटल्यावरही किमान तीन आठवणी, त्यातही एक पत्र. हे सगळं सोडून पहिलीच सूचना मेलवर आणि हातात काही तासच, अशी बँकेची पद्धत नाही.

घाई एवढ्यासाठी की बनावट पानाला तुम्ही आत्ता, पडद्यासमोर हवे असता. तुम्ही तिथे युजरनेम आणि पासवर्ड भरता, तो त्याच क्षणी पलीकडे बँकेच्या खऱ्या पानावर टाकला जातो. बँक तुम्हाला खराखुरा ओटीपी पाठवते आणि बनावट पान तो मागतं. ओटीपी काही मिनिटांतच मरतो, त्यामुळे तुम्हाला विचार करायला वेळ मिळाला तर त्यांचा डाव फसतो. म्हणून ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा. केवायसी करताय असं वाटत असताना मेसेजमध्ये रक्कम किंवा ‘नवीन लाभार्थी जोडण्यासाठी’ असं लिहिलं असेल, तर तिथेच थांबा.

खरी घाई असणारे मेलही असतात, हे मान्य. ‘तुमच्या कार्डवर व्यवहार झाला, तुम्ही केला नसेल तर कळवा,’ असं बँक खरोखर कळवते आणि त्याचीच नक्कल सर्वात जास्त फसवते, कारण माणूस पैसे वाचवण्यासाठीच लिंक दाबतो. अशा वेळी मेलमधला फोन नंबरही वापरू नका. अ‍ॅपमध्ये तो व्यवहार आहे का ते बघा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा.

माहिती भरून झाली असेल तर

आधी बँकेला फोन करून खातं आणि कार्ड थांबवायला सांगा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा किंवा `cybercrime.gov.in` वर नोंद करा. गेलेली रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता यावी, यासाठी इथे मिनिटं मोलाची असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं आहे की ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेपोटी किंवा घरच्यांना काय सांगू या विचारात संध्याकाळपर्यंत थांबू नका. त्यानंतर पासवर्ड बदला, बँकेच्या खऱ्या पानावर जाऊन. तोच पासवर्ड ईमेललाही असेल तर तोही बदला. आणि तो मेल रागाने डिलीट करू नका, तक्रारीत पूर्ण पत्ता, लिंक आणि आल्याची वेळ त्यातूनच द्यावी लागते.